काय-स्क्वेअरचा गृहपाठ तपासताना: शेवटची ओळ बरोबर, पण उत्तर दुसऱ्याच प्रश्नाचे

काय-स्क्वेअर कसोटीच्या वह्या तपासताना एक अडचण दर सत्रात समोर येते. विद्यार्थ्याने शेवटी ‘शून्य परिकल्पना नाकारली’ असे लिहिलेले असते, उत्तरसूचीतही तेच असते, आणि लाल पेन बरोबरची खूण करून पुढच्या वहीकडे वळते. पण वरचे गणित नीट वाचले तर एक्स्पेक्टेड आकडे चुकलेले, डिग्री ऑफ फ्रीडम चुकलेली आणि निष्कर्षाचे वाक्य भलतेच काही सांगणारे निघते. तीन चुका होऊनही शेवटची ओळ जुळते, कारण ‘नाकारली’ आणि ‘नाकारली नाही’ असे दोनच पर्याय असतात. म्हणून या कसोटीचा गृहपाठ शेवटच्या ओळीवरून तपासता येत नाही. तो वरून खाली कसा तपासायचा, हे एकाच उदाहरणावर सविस्तर लिहिते आहे. शिकवणाऱ्यांना उपयोग होईल, आणि वही देण्याआधी स्वतःच तपासून पाहणाऱ्या मुलांनाही.

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजात २०० विद्यार्थ्यांना दोन प्रश्न विचारले असे समजू: राहता कुठे, आणि कॉलेजला येता कशाने? आकडे मी सरावासाठी बेतलेले आहेत, त्यांवरून शहराबद्दल काही ठरवू नये. भागाकार हाताने करता यावेत म्हणून बेरजा सोप्या ठेवल्या आहेत.

| भाग | सिटीबस | दुचाकी | पायी/सायकल | बेरीज |
|---|---|---|---|---|
| पंचवटी | ३० | ३२ | १८ | ८० |
| सिडको | ३० | ३२ | ८ | ७० |
| नाशिकरोड | ३० | १६ | ४ | ५० |
| बेरीज | ९० | ८० | ३० | २०० |

प्रश्न असा: राहण्याचा भाग आणि येण्याचे साधन यांचा एकमेकांशी संबंध आहे का, हे ५ टक्के पातळीवर तपासा.

चूक पहिली: सगळ्या चौकटींत २२.२२

सर्वाधिक वह्यांत सापडणारी चूक ही. विद्यार्थी २०० ला ९ ने भागतो, प्रत्येक चौकटीत २२.२२ लिहितो, सूत्र बिनचूक वापरतो आणि χ² = ४३.३६ काढतो. मग नऊ चौकटी म्हणून डिग्री ऑफ फ्रीडम ८ धरतो, तक्त्यात १५.५०७ पाहतो आणि परिकल्पना नाकारतो. उत्तरसूचीतही ‘नाकारली’ असल्याने गुण मिळून जातात.

हे हिशेबातले दुर्लक्ष नाही. आधीच्या आठवड्यात फाशाचे गणित झालेले असते. फासा ६० वेळा टाकला, तर प्रत्येक बाजू १० वेळा यायला हवी आणि डिग्री ऑफ फ्रीडम ६ – १ म्हणजे ५. तीच सवय घेऊन मुलगा या तक्त्याकडे येतो. म्हणून २२.२२ आणि ८ या दोन वेगळ्या चुका वाटल्या तरी त्यांचे मूळ एकच आहे. आपण त्या सुट्या सुट्या खोडल्या तर मुलाला दोन नियम पाठ होतात, पण गोंधळ तसाच राहतो.

त्याने सोडवलेला प्रश्न असा आहे: नऊही चौकटींत सारखीच मुले असतील का? हे कोणी विचारलेलेच नव्हते. पंचवटीतून ८० मुले येतात आणि नाशिकरोडहून ५०, हे तर आपण तक्त्यातच वाचतो. बसने ९० येतात आणि पायी किंवा सायकलने ३०, हेही उघड आहे. हे फरक संबंधाचा पुरावा नाहीत, ते आधीच मान्य करून पुढे जायचे आहे. संबंध नसेल तर काय दिसायला हवे? एकूण मुलांपैकी ९०/२०० म्हणजे ४५ टक्के बसने येतात, तर प्रत्येक भागातून ४५ टक्केच बसने यायला हवीत. पंचवटीच्या ८० चे ४५ टक्के ३६, सिडकोच्या ७० चे ३१.५ आणि नाशिकरोडच्या ५० चे २२.५. ‘ओळीची बेरीज गुणिले स्तंभाची बेरीज भागिले एकूण’ हे सूत्र म्हणजे एवढेच. या वाटेने काढलेला एक्स्पेक्टेड तक्ता असा:

| भाग | सिटीबस | दुचाकी | पायी/सायकल | बेरीज |
|---|---|---|---|---|
| पंचवटी | ३६ | ३२ | १२ | ८० |
| सिडको | ३१.५ | २८ | १०.५ | ७० |
| नाशिकरोड | २२.५ | २० | ७.५ | ५० |
| बेरीज | ९० | ८० | ३० | २०० |

आता २२.२२ वाल्या विद्यार्थ्याला एक काम द्यावे. प्रत्यक्ष मोजलेले आकडे अगदी या दुसऱ्या तक्त्यासारखेच आले असते, म्हणजे भाग आणि साधन यांचा तसूभरही संबंध नसता, तर तुझ्या पद्धतीने χ² किती आला असता? करून पाहिले की ३९.०९ येतो. संबंध शून्य, तरी उत्तर १५.५०७ च्या कितीतरी वर, आणि परिकल्पना नाकारलेली! त्याच्या ४३.३६ पैकी ३९.०९ एवढा वाटा तर नुसत्या बेरजा असमान असल्याचा होता. माझ्या अनुभवात सूत्र पुन्हा समजावण्यापेक्षा हे एक गणित जास्त काम करते. मुलगा स्वतःच म्हणतो, ‘मॅडम, मग ही पद्धत तर काहीही नाकारेल.’

वही तपासताना ही चूक ओळखायला भागाकार करावा लागत नाही. एक्स्पेक्टेड तक्त्याच्या बेरजा पाहायच्या. प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज मूळ तक्त्याशी जुळलीच पाहिजे. २२.२२ वाल्या तक्त्यात पंचवटीची बेरीज ८० ऐवजी ६६.६७ येते, म्हणजे तिथेच थांबायचे.

याच बेरजांत आणखी एक चूक पकडली जाते. ‘३१.५ मुले कशी असतील?’ असे म्हणून काही जण ३२ करतात, १०.५ चे ११, २२.५ चे २३ आणि ७.५ चे ८. मग सिडकोची बेरीज ७१ होते आणि नाशिकरोडची ५१. χ² १०.४५ येतो, खऱ्या उत्तराच्या जवळच, म्हणून कोणी हरकत घेत नाही. पण एक्स्पेक्टेड ही मोजलेली मुले नव्हेत, ती सरासरी अपेक्षा आहे, आणि तिला अपूर्णांक चालतो. किमान दोन दशांश स्थळे ठेवायला लावावीत. आकडा तक्त्यातल्या किमतीच्या काठावर असला तर एवढ्या फरकाने निर्णय पालटू शकतो.

बेरजांची तपासणी एका चुकीपुढे मात्र थिटी पडते. मोजलेल्या संख्यांऐवजी टक्केवारी घेतली तर सगळ्या बेरजा आपापसांत जुळतातच. २०० मुलांचे एकूण १०० टक्के करून तक्ता मांडला की χ² बरोबर निम्मा, म्हणजे ५.०९ होतो आणि निर्णय उलटतो. ही कसोटी किती माणसे मोजली यावर चालते. तेच प्रमाण दुप्पट लोकांत दिसले तर पुरावाही दुप्पट. म्हणून सगळ्यात आधी उजव्या खालच्या कोपऱ्यातला आकडा पाहावा. तिथे १०० किंवा ३०० असेल आणि प्रश्नात २०० मुले असतील, तर पुढचे वाचायची गरज नाही.

χ² चा आकडा पटकन पडताळणे

योग्य एक्स्पेक्टेड घेतले की नऊ चौकटींचे वाटे असे येतात: पंचवटीचे १, ०, ३, सिडकोचे ०.०७, ०.५७, ०.६०, नाशिकरोडचे २.५, ०.८, १.६३. बेरीज १०.१७.

विद्यार्थ्याचा आकडा वेगळा आला आणि चूक कुठे हे दिसेना, तर दुसऱ्या वाटेने पडताळा घ्यावा. प्रत्येक मोजलेल्या आकड्याचा वर्ग करून त्याच चौकटीच्या एक्स्पेक्टेडने भागायचे, सगळे मिळवायचे आणि एकूण संख्या वजा करायची:

`χ² = Σ(O²/E) − N`

आपल्या तक्त्यात बेरीज २१०.१७ येते, २०० वजा केले की १०.१७. यात वजाबाक्यांच्या चिन्हांचा घोळ होत नाही. मात्र ही वाट एक्स्पेक्टेडच्या बेरजा बरोबर असतील तेव्हाच चालते. वर ३२ आणि ११ करणाऱ्या वहीत दोन वाटांची उत्तरे जुळणार नाहीत, आणि ते न जुळणेही उपयोगी खूण आहे.

या पडताळ्यात सापडणारी एक खास चूक म्हणजे फरकाच्या वर्गाला E ऐवजी O ने भागणे. तसे केले तर १०.४९ येते. आकडा पटण्यासारखा, निर्णय तोच, एक्स्पेक्टेडचा तक्ताही निर्दोष. वही वरवर चाळणाऱ्याच्या हातून ही चूक हमखास सुटते. पंचवटीच्या पायी येणाऱ्यांची चौकट पाहावी: ३६ भागिले १२ म्हणजे ३ यायला हवे. तिथे २ दिसले तर त्याने १८ ने भागले आहे.

चूक दुसरी: डिग्री ऑफ फ्रीडम ८

इथे एक चमत्कारिक गोष्ट घडते. आपण विद्यार्थ्याला एक्स्पेक्टेड दुरुस्त करायला सांगतो, तो करतो, χ² १०.१७ येतो, पण खालची ‘९ – १ = ८’ ही ओळ तशीच राहते. आता १०.१७ हा १५.५०७ पेक्षा लहान आहे, म्हणून तो लिहितो, ‘परिकल्पना नाकारता येत नाही.’ दोन चुका होत्या तेव्हा शेवटची ओळ जुळत होती. एक सुधारली आणि ओळ चुकली. मुलाला वाटते आधीचेच बरोबर होते. अशा वेळी ‘सूत्र (r – १)(c – १) आहे’ एवढे सांगून भागत नाही, ४ का आणि ८ का नाही हे त्याला दिसायला हवे.

मी तक्त्यातल्या आतल्या नऊ चौकटी झाकते आणि फक्त बेरजा उघड्या ठेवते. मग विचारते, ‘आता तुझ्या मनाने किती चौकटी भरू शकशील?’ पंचवटीच्या ओळीत ३० आणि ३२ भरले की तिसरी चौकट १८ च, कारण बेरीज ८० ठरलेली. सिडकोच्या ओळीत ३० आणि ३२ भरले की तिसरी ८. नाशिकरोडच्या ओळीत तर काहीच मनाने भरता येत नाही. ९० मधून दोन ३० गेले की ३० उरतात, ८० मधून दोन ३२ गेले की १६, आणि शेवटी ४. मोकळ्या चौकटी चारच. एक्स्पेक्टेड काढताना आपण ओळींच्या आणि स्तंभांच्या बेरजा तक्त्यातूनच उचलल्या, म्हणून तेवढे स्वातंत्र्य आपणच खर्च केले. फाशाच्या गणितात प्रत्येक बाजूला १० ही अपेक्षा आकडे पाहण्याआधीच ठरलेली होती, म्हणून तिथे फक्त एकूण ६० चे एक बंधन होते.

हाच विचार पुढे उपयोगी पडतो. पॉयसाँ वितरण जुळवून पाहण्याच्या गणितात सरासरी आकड्यांतूनच काढली असेल तर आणखी एक वजा होतो. गटांची संख्या वजा १ वजा १. सरासरी प्रश्नात दिलेली असेल तर होत नाही. आणि लहान गट एकत्र केले असतील तर मोजायचे ते एकत्र केल्यानंतरचे गट. वहीत अनेकदा आधीचेच मोजलेले असतात.

जे विद्यार्थी इथे अडखळतात त्यांना मी इतिहास आवर्जून सांगते, कारण तो अगदी याच ओळीचा आहे. ही कसोटी कार्ल पिअर्सन यांनी १९०० मध्ये मांडली, आणि अशा तक्त्यांसाठी ते चौकटींच्या संख्येतून एकच वजा करत, म्हणजे आपल्या उदाहरणात ८. आकड्यांतूनच काढलेल्या बेरजांचा हिशेब त्यात धरलेला नव्हता. रोनाल्ड फिशर यांनी १९२२ मध्ये (r – १)(c – १) बरोबर असल्याचे दाखवले, आणि त्यावरून दोघांत कडवट वाद झाला. ज्याने कसोटी शोधली त्याच्याही नजरेतून सुटलेला हा मुद्दा आहे, तेव्हा तो शिकवताना वेळ द्यायलाच हवा.

डिग्री ऑफ फ्रीडम बरोबर येऊनही तक्ता चुकीचा वाचला जातो. ४ च्या ओळीत ०.०५ खाली ९.४८८ आहे. ज्याने नुकतीच टी-कसोटी केलेली असते तो ‘दोन टोकांची’ म्हणून ५ टक्क्यांचे अर्धे करतो आणि ०.०२५ खालचे ११.१४३ घेतो; १०.१७ त्याहून लहान, निर्णय उलटा. काय-स्क्वेअरमध्ये फरक कोणत्याही दिशेने असो, त्याचा वर्ग होतो आणि तो उजव्या टोकालाच जमा होतो, म्हणून पूर्ण ०.०५ उजवीकडेच ठेवायचे. दुसरे उदाहरण ०.९५ च्या स्तंभातून घेतलेल्या ०.७११ चे. काही पुस्तकांत डाव्या बाजूचे क्षेत्रफळ छापतात, काहींत उजव्या बाजूचे, त्यातून हे होते. वहीत डिग्री ऑफ फ्रीडमपेक्षा लहान किंमत ‘तक्त्यातली किंमत’ म्हणून दिसली की समजावे, स्तंभ चुकला; ५ टक्क्यांची किंमत नेहमी डिग्री ऑफ फ्रीडमपेक्षा मोठीच असते.

संगणकावर केलेला गृहपाठ

एक्सेलवर केलेले असेल तर बेरजेची चूक नसणार असे गृहीत धरू नये. चुका फक्त जागा बदलतात. मूळ तक्ता `A1` पासून मांडला, आकडे `B2:D4` मध्ये आणि बेरजा `E` स्तंभात व ५ व्या ओळीत असल्या, तर एक्स्पेक्टेडच्या पहिल्या चौकटीत हे सूत्र हवे:

```
=$E2*B$5/$E$5
```

डॉलरचे चिन्ह विसरून सूत्र बाजूला आणि खाली ओढले की संदर्भ सरकतात. पहिली चौकट बरोबर ३६ दाखवते, बाकीच्या बिघडतात. म्हणून तपासताना पहिली चौकट न पाहता शेवटची पाहावी: ७.५ आहे का?

`CHISQ.TEST` हे फंक्शन χ² देत नाही, थेट p-किंमत देते. मुले तो ०.०३८ चा आकडा χ² समजून ९.४८८ शी तुलना करतात आणि अर्थातच ‘लहान आहे’ म्हणतात. शिवाय आपण दिलेले एक्स्पेक्टेड बरोबर आहेत का हे ते फंक्शन पाहत नाही, २२.२२ दिले तरी निमूटपणे उत्तर काढते.

सर्वांत फसवी चूक निवडीची. आकडे निवडताना बेरजांची ओळ आणि स्तंभही निवडले गेले, तर कसोटी ३×३ ऐवजी ४×४ तक्त्यावर चालते. बेरजांच्या चौकटींत मोजलेले आणि अपेक्षित सारखेच असल्यामुळे त्यांचा वाटा शून्य, म्हणून χ² तंतोतंत १०.१७ च राहतो. डिग्री ऑफ फ्रीडम मात्र ९ होते आणि p-किंमत ०.०३८ वरून ०.३४ वर जाते. χ² बरोबर आहे म्हणून तपासणारा निश्चिंत होतो आणि निर्णय उलटा का हे कोणाला कळत नाही. मी मुलांना पडताळ्यासाठी ही ओळ लिहायला लावते, कारण हिच्यात ४ स्वतःच्या हाताने टाकावे लागते:

```
=CHISQ.DIST.RT(10.17,4)
```

चूक तिसरी: आकडे बरोबर, वाक्य चुकीचे

इथे मी सर्वांत जास्त गुण राखून ठेवते. χ² = १०.१७, डिग्री ऑफ फ्रीडम ४, p सुमारे ०.०३८; इथवर सगळे ठीक. आता वहीतली वाक्ये पाहा.

‘म्हणून भाग आणि साधन स्वतंत्र आहेत.’ हा सरळ उलटा निष्कर्ष. बहुतेकदा कारण असे की विद्यार्थ्याने शून्य परिकल्पना सुरुवातीला लिहिलेलीच नसते, किंवा ‘संबंध आहे’ अशी लिहिलेली असते. या कसोटीत शून्य परिकल्पना नेहमी ‘संबंध नाही’ हीच, कारण एक्स्पेक्टेड आकडे त्याच गृहीतकावर काढलेले आहेत. ‘संबंध आहे’ असे धरले तर ३६ हा आकडा काढायचा कशावरून? हा प्रश्न विचारला की पहिली ओळ आपोआप सुधारते.

‘शून्य परिकल्पना चुकीची असण्याची शक्यता ९६.२ टक्के आहे.’ हे वाक्य हुशार मुले लिहितात, म्हणून त्याच्याकडे जास्त लक्ष द्यावे. ०.०३८ चा अर्थ एवढाच: संबंध खरोखर नसता, तरी नमुन्यातल्या योगायोगाने १०.१७ किंवा त्याहून मोठा χ² येण्याची संभाव्यता ०.०३८ आहे. ती परिकल्पना खरी धरून काढलेली आहे. परिकल्पना खरी असण्याची शक्यता तिच्यातून निघत नाही.

‘χ² मोठा आहे म्हणून संबंध घट्ट आहे.’ घट्टपणा पाहायचा तर एकूण संख्येचा परिणाम काढून टाकावा लागतो. त्यासाठी क्रामरचा V काढतात: χ² ला एकूण संख्येने आणि ओळी व स्तंभ यांतील लहान संख्येतून एक वजा करून येणाऱ्या आकड्याने भागायचे आणि वर्गमूळ घ्यायचे. इथे १०.१७ भागिले (२०० × २), वर्गमूळ सुमारे ०.१६. V शून्य ते एक या दरम्यान असतो, तेव्हा हा संबंध सौम्यच. पुरावा पुरेसा असणे आणि संबंध मोठा असणे यांत फरक आहे, आणि हजारो माणसांच्या तक्त्यात तर अगदी किरकोळ संबंधालाही χ² भलामोठा येतो.

‘पंचवटीत राहिल्यामुळे मुले पायी येतात.’ मला हे वाक्य खोडताना नेहमी वाईट वाटते, कारण मुलाने आकड्यांकडे खरोखर पाहिलेले असते. पण ‘मुळे’ हा शब्द कसोटीने दिलेला नाही. पंचवटी कॉलेज रोडला नाशिकरोडपेक्षा जवळ आहे हे आपल्याला नकाशावरून माहीत आहे, तक्त्यावरून नाही. घरात दुचाकी आहे का, कॉलेज सकाळचे की दुपारचे, यांतले काहीच इथे मोजलेले नाही.

उलट बाजूचे वाक्यही लक्षात ठेवावे. χ² तक्त्यातल्या किमतीपेक्षा लहान आला असता तर ‘संबंध नाही हे सिद्ध झाले’ असे लिहिता येत नाही. ‘संबंध असल्याचा पुरेसा पुरावा या नमुन्यात मिळाला नाही’ एवढेच लिहायचे. ५० मुलांचाच नमुना असता आणि प्रमाण हेच असते, तर χ² अडीचच्या आसपास आला असता. संबंध तोच असता, आपली नजर अधू असती.

मग पूर्ण गुणांचे उत्तर कसे दिसते? साधारण असे: ‘५ टक्के पातळीवर राहण्याचा भाग आणि कॉलेजला येण्याचे साधन यांत संबंध असल्याचा पुरावा मिळतो (χ² = १०.१७, डिग्री ऑफ फ्रीडम ४, p ≈ ०.०३८). नाशिकरोडच्या विद्यार्थ्यांपैकी ६० टक्के बसने येतात, एकूण प्रमाण ४५ टक्के आहे. पंचवटीतून पायी किंवा सायकलने येणारे २२.५ टक्के आहेत, एकूण प्रमाण १५ टक्के. संबंध सौम्य आहे.’ यातले दोन प्रमाणांचे उल्लेख मनाने निवडलेले नाहीत. नऊ वाट्यांत सर्वांत मोठे दोन याच चौकटींचे, ३ आणि २.५; दोघे मिळून १०.१७ च्या निम्म्याहून जास्त. χ² नुसते ‘कुठेतरी फरक आहे’ एवढे सांगतो, कुठे ते वाटे पाहून कळते.

एक बारकावा इथेच. २०० मुले सरसकट निवडून दोन्ही प्रश्न विचारले असतील तर ‘संबंध’ हा शब्द योग्य. पण पंचवटीतून ८०, सिडकोतून ७०, नाशिकरोडहून ५० अशी संख्या आधीच ठरवून निवड केली असेल, तर गणित तेच राहते आणि वाक्य बदलते: ‘तीन भागांत साधनांचे वाटप सारखे नाही.’ निवड कशी झाली हे प्रश्नातल्या शब्दांत असते, आणि विद्यार्थ्याने तो प्रश्न वाचला की नाही हे या एका वाक्यावरून कळते.

‘पाचपेक्षा कमी’चा नियम कुठे लावायचा

नाशिकरोडहून पायी येणारे ४ पाहून काही विद्यार्थी घाबरतात आणि दुचाकीचा व पायीचा स्तंभ एकत्र करून टाकतात. पाचचा नियम मोजलेल्या आकड्याला नाही, एक्स्पेक्टेडला आहे, आणि तिथे ७.५ आहे. एकत्र केल्यावर तक्ता ३×२ होतो, डिग्री ऑफ फ्रीडम २, χ² ६.४९ आणि तक्त्यातली किंमत ५.९९१. निर्णय तोच राहिला, पण पंचवटीची पायी येणारी मुले, ज्यांच्या चौकटीचा वाटा सर्वांत मोठा होता, ती दुचाकीवाल्यांत मिसळून दिसेनाशी झाली.

एक्स्पेक्टेड खरोखरच कमी असेल तेव्हाही ‘एकसुद्धा पाचखाली नको’ हा नियम मोठ्या तक्त्यांसाठी गरजेपेक्षा कडक आहे. विल्यम कॉक्रन यांनी १९५४ मध्ये सांगितलेली मर्यादा बहुतेक ठिकाणी वापरतात: पाचखालच्या चौकटी २० टक्क्यांहून जास्त नसाव्यात आणि एकही एकाखाली नसावी. नऊ चौकटींत म्हणजे एकच चालेल. आर प्रणालीत मात्र एकही चौकट पाचखाली असली की `Chi-squared approximation may be incorrect` असा इशारा येतो. तो इशारा आहे, उत्तर चुकल्याची खूण नाही. विद्यार्थ्याने एक्स्पेक्टेडचा तक्ता छापून किती चौकटी आहेत ते पाहावे आणि वहीत तसे नोंदवावे.

गट एकत्र करायचेच असतील तर अर्थाने जुळणारे करावेत. दुचाकी आणि पायी यांना एकत्र आणणारे काही नाही; बस आणि शेअर रिक्षा असे दोन स्तंभ असते तर ते ‘सार्वजनिक वाहन’ म्हणून एकत्र आले असते. आणि हे χ² काढण्याआधी ठरवायचे. ज्या वहीत आधीचा χ² खोडून, गट बदलून, नवा χ² काढून ‘नाकारली’ लिहिलेले दिसते, तिथे मी गुण देण्याआधी मुलाला बोलावून विचारते की गट का बदलले. त्याच्याकडे प्रवासाच्या साधनांवरून दिलेले कारण असेल तर उत्तर मान्य करते. ‘आधी येत नव्हते म्हणून’ असे म्हणाला तर पहिल्या तक्त्यावरूनच निष्कर्ष लिहायला सांगते.